स्पूलच्या वजनाला तीनने भागण्याचा हिशेब कुठे फसतो

थ्रीडी प्रिंटरमध्ये वापरल्या जाणाऱ्या फिलामेंटबद्दल, म्हणजे स्पूलवर गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या तारेबद्दल, असा एक सल्ला ऐकायला मिळतो: "स्पूल वजनकाट्यावर ठेवा आणि जितके ग्रॅम येतील त्यांना ३ ने भागा, तितके मीटर फिलामेंट शिल्लक आहे. प्लास्टिक कोणतेही असो, १.७५ मिमीच्या फिलामेंटला हे चालतेच."

पहिली आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे यात रिकाम्या स्पूलचे वजन वजा केलेले नाही. समजा, पीएलए या प्लास्टिकचे अर्धवट वापरलेले स्पूल ४१२ ग्रॅम भरले आणि त्याच बनावटीचे रिकामे स्पूल २३० ग्रॅमचे आहे, तर फिलामेंट फक्त १८२ ग्रॅम उरले आहे. सरळ भागाकाराने १३७ मीटर येतात, प्रत्यक्षात मात्र सुमारे ६१ मीटरच असतात. पुठ्ठ्याच्या आणि प्लास्टिकच्या स्पूलच्या वजनांत बराच फरक असतो, म्हणून नवे स्पूल उघडताच ते तोलून त्यातून छापील निव्वळ वजन वजा करावे आणि येणारा आकडा स्पूलवरच लिहून ठेवावा.

तीन हा आकडा निराधार नाही, पण तो पीएलएचा आहे. वजन m ग्रॅममध्ये, व्यास d मिलिमीटरमध्ये आणि घनता ρ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटरमध्ये घेतली, तर लांबी L थेट मीटरमध्ये मिळते:

```
L = m / (0.7854 × d² × ρ)
```

पीएलएची घनता १.२४ धरल्यास एक मीटर २.९८ ग्रॅमचा भरतो. एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकची घनता सुमारे १.०४ असल्याने त्याचा मीटर २.५ ग्रॅमचाच असतो, म्हणजे त्याच १८२ ग्रॅममध्ये जवळपास ७३ मीटर मिळतात. धातूची किंवा लाकडाची भुकटी मिसळलेल्या फिलामेंटला तर मूळ प्लास्टिकची घनता लावूच नये.

व्यासाचा मुद्दा सहसा दुर्लक्षित राहतो, पण सूत्रात व्यासाचा वर्ग येत असल्याने त्यातील चूक जवळपास दुप्पट होऊन लांबीत उतरते. वरचेच पीएलए १.७५ ऐवजी १.८० मिमीचे निघाले, तर ६१ मीटरचे ५७.७ मीटर होतात. छपाईची आखणी करणाऱ्या स्लायसर सॉफ्टवेअरने ६० मीटर लागतील असे सांगितले असेल, तर प्रिंटरचा एक्स्ट्रूडर लांबी मोजूनच फिलामेंट ढकलत असल्याने छपाई शेवटाजवळ अडेल. स्लायसरचे ग्रॅम पाहूनही ही चूक पकडता येत नाही, कारण ते ग्रॅम त्याने लांबीवरून, प्रोफाइलमध्ये भरलेला व्यास आणि घनता वापरूनच काढलेले असतात.

माझ्या मते सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे बरोबर २ मीटरचा तुकडा कापून ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर तोलणे. तो ५.९७ ऐवजी ६.३१ ग्रॅम भरला, तर मीटरमागे ३.१६ ग्रॅम हा त्या फिलामेंटचा खरा भाजक मिळतो, आणि व्यास व घनता वेगवेगळी शोधावी लागत नाहीत. एक ग्रॅमच्या टप्प्याने मोजणारा काटा पूर्ण स्पूलला पुरतो, या तुकड्याला पुरत नाही. तुकडा फक्त त्या भागाचा व्यास सांगतो, आणि प्रिंटरच्या नळीत अडकून राहणारे शेवटचे टोकही वापरता येत नाही, म्हणून आलेल्या लांबीतून दोन-तीन मीटर वगळूनच छपाई सुरू करावी.