साहेबांस शहाळ्यासकट सप्रेम

लाईट बिलावर मी लिहिलेला पहिला अर्ज मोबाईलवर स्क्रोल करता करता अंगठा दुखेल एवढा होता. त्यात ब्रिटिश काळापासूनचा अन्याय होता, रीडिंगवाल्याच्या डोळ्यांच्या नंबराबद्दल शंका होती आणि शेवटी चार उद्गारचिन्हं. नशीब की मी 'प्रति'चा रकाना रिकामा ठेवलेला (ही सवय लावून घ्याच, रागात बोट चुकून पाठवा वर पडतं), आणि तेवढ्यात आमच्या वेंगुर्ल्याच्या रिवाजाप्रमाणे लाईटच गेली.

सकाळी काकांना दाखवला, ते कचेरीतून रिटायर झालेले. म्हणाले, "ह्यां वाचून साहेब रडतलो, पण बिल कसां कमी करतलो? ग्राहक क्रमांक खंय हा?"

तो नव्हताच.

मग पडवीत बसून काकांनी कात्री चालवली. प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न, हे साहेबाला त्याच्या कॉम्प्युटरवर नाहीतर आपल्या फोटोत दिसेल का? 'कोणी इकडे फिरकत नाही' गेलं, त्याजागी आलं 'एप्रिल आणि मेच्या बिलावर घर बंद असा शेरा आहे, मीटर उघड्या पडवीत आहे, अंगणातून वाचता येतो.' 'लूट चाललीय' गेलं आणि हिशोब आला: मार्चचं रीडिंग 4312, 2 जूनच्या फोटोत 4371, म्हणजे दोन महिन्यांत 59 युनिट, आणि सरासरीने लावलेत महिन्याला 140 प्रमाणे 280. आईबाबा मुंबईला भावाकडे, घरात मी एकटा नि एक पंखा, तरी 221 युनिट जास्तीचे! (हे उद्गारचिन्ह पण काकांनी काढलं.)

'आपल्या तत्पर सेवेबद्दल ऋणी आहे' हे मी मुद्दाम ठेवलेलं, तर म्हणे हा रागच, फक्त इस्त्री केलेला, काढ. ग्राहक मंचाची धमकीही काढली, कारण उद्या खरंच तक्रार निवारण मंचाकडे जायची वेळ आली तर हाच कागद तिथे पुढे ठेवायचा असतो, आणि त्यात शिव्या असल्या की चर्चा शिव्यांवर होते, युनिट राहतात बाजूला.

माझी खरी लढाई झाली शहाळ्यावरून. गेल्या वर्षी रीडिंगवाल्याला मी शहाळं दिलेलं, हे शंभर टक्के खरं आहे हो! काका म्हणाले, खरां आसा, पण मागणी त्याच्यावर उभी नाय. काढलं, जड मनाने.

उरलं ते सात ओळींत बसलं. ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक, दोन रीडिंग, फोटो जोडला आहे, आणि मागणी: 4371 प्रमाणे दुरुस्त बिल द्यावे, जादा रक्कम पुढच्या बिलात वळती करावी. दोन प्रती नेल्या, आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घेतली.

खिडकीतल्या बाईंनी वाचून मान हलवली, फोटो झूम करून बघितला आणि विचारलं, "मीटर एवढा बाहेर आहे, मग रीडिंगवाला कधी दिसलाच नाही तुम्हाला?"

आता शहाळ्याचं सांगू की नको!