साठ टक्क्यांचा हिशेब कुठे चुकतो

नोकरी शोधणाऱ्यांना एक सल्ला मिळतो: ‘जाहिरातीतल्या ६० टक्के अटी जुळल्या की बिनधास्त अर्ज टाका. बाकीची सगळी एचआरची विशलिस्ट असते. अनुभवाची वर्षं कोणी मोजत नाही. सरकारी असो की खासगी, नियम एकच.’

समजा, नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याला अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह हवाय. अटी दहा: बी.कॉम., टॅली, एक्सेल, इंग्रजी, संवादकौशल्य, स्वतःची दुचाकी, जीएसटी रिटर्न, टीडीएस, तीन ते पाच वर्षांचा अनुभव आणि ‘सीए इंटर असल्यास प्राधान्य’. पहिल्या सहा तुमच्याकडे आहेत. झाले साठ टक्के, पण या सहांच्या जोरावर मुलाखतीचा फोन येणं कठीण.

का, ते अटींच्या खाली कामाच्या तपशिलात सापडतं. तिथे लिहिलंय, ‘दरमहा टीडीएस भरणे, जीएसटीआर-१ व ३बी दाखल करणे.’ मासिक रिटर्न भरणाऱ्या कंपनीला साधारणपणे ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी उरकावं लागतं. ३बी चुकलं की विलंब शुल्क आणि व्याज. जीएसटीआर-१ चुकलं की गिऱ्हाइकाचं इनपुट क्रेडिट अडकतं आणि त्याचे फोन सुरू होतात. म्हणून जी अट कामाच्या तपशिलात तारखेसकट किंवा ‘दररोज’, ‘दरमहा’ अशा शब्दांसकट पुन्हा येते, ती खरी.

सीए इंटरचा तपशिलात उल्लेखच नाही, आणि पगार २२ ते २५ हजार. ही मात्र हौस आहे, खुशाल सोडून द्या. दुचाकीच्या अटीमागचा प्रश्न एवढाच, की वर्धा रोडवरून रोज वेळेवर पोचाल का? कंपनीची बस तुमच्या भागातून जात असेल तर अट आपोआप सुटते.

वर्षांचं थोडं खरं आहे. स्वतःच्या हाताने रिटर्न भरलेल्या अडीच वर्षांवाल्याला बोलावतात. वरचा पाचाचा आकडा बहुतेकदा पगाराच्या मर्यादेतून आलेला असतो. पण ऑनलाइन फॉर्ममध्ये ‘जीएसटीचा अनुभव किती वर्षं?’ असा वेगळा रकाना दिसला, तर तिथे चाळणी लावलेली असू शकते. मग तुमचा बायोडेटा कोणी उघडायच्या आधीच बाजूला पडतो.

सरकारी जाहिरातीला हा नियम लावणं तर सरळ नुकसानीचं. लिपिक-टंकलेखक पदाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिटाचं टंकलेखन प्रमाणपत्र मागितलं असेल, तर ते ठरवून दिलेल्या तारखेपर्यंत हातात हवंच. परीक्षेत कितीही गुण मिळवा, कागदपत्रं तपासताना नाव कटतं. तिथे ऐच्छिक फक्त तेच, ज्यापुढे ‘प्राधान्य’ छापलंय.

बुटीबोरीच्या जागेसाठी जीएसटी येतं पण टीडीएस केलेलं नाही, अशी गत असेल तर अर्ज जरूर टाका. बायोडेटाच्या पहिल्याच ओळीत लिहा: कोणती रिटर्न, किती महिने, किती जीएसटी क्रमांकांची भरली.