बी विंगचा ताबा सात महिने का लांबला: फिरत असलेल्या मेसेजला उत्तर

"बी विंग तयार आहे, खालच्या अकरा मजल्यांना दारं-खिडक्यासुद्धा बसल्यात. पर्यावरण परवानगी आणि वाळू हे बिल्डरचे बहाणे आहेत, वाळू पाहिजे तेवढी मिळते. रेराकडून त्याने डिसेंबर 2026 पर्यंत मुदत मिळवली, म्हणजे तोवर आपल्याला व्याजही मिळणार नाही. सगळ्यांनी मिळून हप्ते बंद करा आणि फर्निचरसाठी चाव्या मागा. ओसी काय, नंतर येत राहील."

बी विंगमध्ये फ्लॅट घेतलेल्या सर्वांना नमस्कार. मी बिल्डरच्या ऑफिसातून लिहितोय. हा मजकूर मला एकाच दिवशी सहा जणांनी पाठवला. यातलं काही चूक आहे, काही अर्धवट आहे आणि एक गोष्ट अशी आहे की ती लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेली नाही, पण आम्हाला चांगलीच टोचते. तिच्यापासूनच सुरुवात करतो.

बी विंगला पहिली मंजुरी अकरा मजल्यांची होती. वरचे तीन मजले 'प्रस्तावित' म्हणून तुमच्या करारातल्या नकाशात दाखवले होते. आपल्या तिन्ही विंगचं मिळून बांधकाम 20,000 चौरस मीटरच्या वर जातं. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे एवढ्या मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते. मजले वाढवायचे तर तीच मंजुरी सुधारून घ्यावी लागते आणि ती हातात पडेपर्यंत वाढीव कामाला हात लावता येत नाही. आम्ही जून 2024 मध्ये अर्ज केला. डिसेंबरपर्यंत कागद मिळेल असं धरून वेळापत्रक आखलं.

ऑगस्ट 2024 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश आला. तोवर अशा इमारतींची तपासणी राज्य पातळीवर होत असे. जास्त प्रदूषित ठरवलेल्या क्षेत्रांपासून किंवा संरक्षित वन्यजीव क्षेत्रांपासून पाच किलोमीटरच्या आतले बांधकाम प्रकल्प केंद्राकडे जायला हवेत, असा त्या आदेशाचा अर्थ होता. पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातल्या कितीतरी फाइली त्यामुळे जागच्या जागी थांबल्या, त्यात आपलीही होती. जानेवारी 2025 मध्ये केंद्राने दुरुस्तीची अधिसूचना काढली, फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. 5 ऑगस्ट 2025 च्या निकालानंतर राज्य पातळीवरच्या तपासणीचा मार्ग मोकळा झाला. आपला सुधारित कागद ऑक्टोबर 2025 मध्ये आला. या तारखा जाहीर आहेत, कोणीही ताडून पाहावं.

आता टोचणारी गोष्ट. हे वर्षभर अकराव्या मजल्याच्या वर एक वीट चढली नाही, पण आम्हाला दुसरा रस्ता होता. इमारत अकरा मजल्यांवरच बंद करायची, तिथेच पाण्याची टाकी आणि लिफ्टची मशीन रूम बांधायची, अकरा मजल्यांची ओसी घ्यायची आणि वरचे तीन मजले सोडून द्यायचे. तसं केलं असतं तर डिसेंबर 2025 ची तारीख बहुधा पाळता आली असती. 2024 च्या दिवाळीत आमच्या ऑफिसात यावर दोन बैठका झाल्या आणि आम्ही थांबायचं ठरवलं, कारण प्रकल्पाचा नफा त्या तीन मजल्यांत आहे. हे आम्ही तेव्हाच तुम्हाला सांगायला हवं होतं. 'परवानगीची प्रतीक्षा आहे' एवढंच कळवत राहिलो. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

दारं-खिडक्या बसूनही खालच्या मजल्यांचा ताबा का देता येत नाही, याचंही उत्तर वरच आहे. तुमच्या नळाचं पाणी ज्या टाकीतून येणार, आग लागली तर होजमध्ये ज्या टाकीचं पाणी उतरणार, त्या दोन्ही टाक्या चौदाव्या मजल्याच्या गच्चीवर आहेत. लिफ्टची मशीन रूमही तिथेच. टाकी नाही तर अग्निशमनचा अंतिम दाखला नाही, मशीन रूम नाही तर लिफ्ट चालवायचा परवाना नाही, आणि हे दोन्ही नसतील तर ओसीचा अर्ज आत घेतला जात नाही. काही इमारतींत खालच्या मजल्यांपुरती अंशतः ओसी मिळते हे खरं आहे, पण तिथे पाणी आणि लिफ्टची सोय खालच्या भागापुरती वेगळी पूर्ण केलेली असते. ती आपण केली नव्हती. वरचे तीन स्लॅब डिसेंबरअखेर पडले, टाक्यांचं काँक्रीट फेब्रुवारीत झालं, आणि सध्या त्यांचं वॉटरप्रूफिंग चालू आहे.

वाळूकडे वळतो. स्लॅबला अडचण आली नाही, ते काँक्रीट आरएमसी प्लांटमधून येतं. आतल्या भिंतींना जिप्सम आहे, तिथेही वाळू लागत नाही. अडलं ते बाहेरचं प्लास्टर. सगळ्या बी विंगच्या बाहेरच्या प्लास्टरला साधारण 60 ब्रास वाळू लागते. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, म्हणजे हायवाच्या बारा-पंधरा खेपा झाल्या. एवढ्याशा वाळूसाठी चौदा मजली इमारत अडते हे ऐकायला विचित्र वाटतं, मलाही वाटतं.

पण बाहेरच्या प्लास्टरला कुठलीही वाळू चालत नाही. नदीची वाळू आम्ही वापरत नाही, धुतलेली क्रश सँड घेतो. जानेवारीच्या शेवटी आमच्या दोन्ही पुरवठादारांचे क्रशर पाच आठवडे बंद राहिले. त्या काळात बाजारात वाळू होतीच, मेसेज लिहिणाऱ्याचं एवढं बरोबर आहे. आम्ही तिसऱ्या ठिकाणाहून सहा गाड्या मागवल्या आणि त्यातल्या चार परत पाठवल्या. साइटवरची परीक्षा अगदी साधी आहे. काचेच्या बरणीत वाळू आणि पाणी घालून हलवायचं आणि काही तास निवळू द्यायचं. वाळूवर बारीक गाळाचा थर बसतो, तो एकूण उंचीच्या आठ टक्क्यांवर गेला तर गाडी परत. त्या चार गाड्यांमध्ये न धुतलेली दगडाची डस्ट होती. असल्या मालाचं प्लास्टर पहिले दोन महिने झकास दिसतं. मग त्यावर जाळ्यासारखे बारीक तडे उमटतात आणि दुसऱ्या पावसाळ्यात बेडरूमच्या भिंतीला ओल येते. ए विंगच्या पश्चिम बाजूला तुम्ही जे पॅचवर्क बघता ना, ते आम्ही 2022 मध्ये घाईत केलेल्या अशाच प्लास्टरचं फळ आहे.

चूक आमची इथेही आहे. दोन्ही पुरवठादार एकाच भागातले होते, एक बंद पडला की दुसराही बंद पडणार हे दिसत होतं. पंधरा खेपांचा साठा साइटच्या कोपऱ्यात आधी करून ठेवता आला असता. जागा आहे, ताडपत्री आहे, फक्त कुणाच्या डोक्यात आलं नाही. तरी सात महिन्यांपैकी पाच-सहा आठवडेच वाळूचे आहेत, बाकीचे वरच्या मजल्यांचे. कुणी सगळा उशीर वाळूवर ढकलत असेल, आमच्या सेल्स ऑफिसातलं कुणीसुद्धा, तर त्याला हे उत्तर दाखवा.

व्याजाबद्दल मेसेजमध्ये जे म्हटलंय त्याने तुमचं नुकसान होईल, म्हणून ते नीट वाचा. रेराकडून मिळालेली मुदतवाढ आमच्या नोंदणीपुरती आहे. तुमच्या करारातली तारीख 31 डिसेंबर 2025 आहे आणि ती तशीच राहते. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 च्या निकालात हेच सांगितलं आहे की उशीर करारातल्या तारखेपासून मोजायचा. रेरा कायद्याच्या कलम 18 प्रमाणे तुम्ही भरलेल्या रकमेवर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याला व्याज देणं आम्हाला बंधनकारक आहे. दर स्टेट बँकेचा सर्वांत जास्त एमसीएलआर अधिक दोन टक्के. समजा फ्लॅट 62 लाखांचा आहे आणि तुम्ही 70 टक्के, म्हणजे 43 लाख 40 हजार भरले आहेत. दर 11 टक्के धरला तर महिन्याला सुमारे 39,800 रुपये होतात, सात महिन्यांचे 2 लाख 78 हजारांच्या आसपास.

सरकारी किंवा न्यायालयीन आदेशामुळे उशीर झाला तर बिल्डरला मुदत मिळावी, असं कलम तुमच्या करारात आहे. त्यावर लढता येईल असं आमच्या वकिलांचं मत आहे. आम्ही ते कलम वापरणार नाही. आदेश लवादाचा होता, पण चौदा मजल्यांसाठी थांबायचा निर्णय आमचा होता. जानेवारीपासूनचं व्याज एप्रिलपासून दर महिन्याच्या 10 तारखेला तुमच्या खात्यात येईल, पहिल्या हप्त्यात मागची बाकी धरून. ज्यांना थांबायचंच नाही त्यांना करार रद्द करून व्याजासह पैसे परत घेण्याचा हक्क आहे. तिघांनी तसं कळवलंय, त्यांचं काम सुरू आहे.

हप्ते थांबवण्याआधी करारातला तुमचा टप्पा पाहा. सगळे स्लॅब पूर्ण झाल्यावर एकूण 70 टक्क्यांपर्यंतच मागता येतं. पुढचे पाच टक्के भिंती, आतलं प्लास्टर, फरशी, दारं-खिडक्या संपूर्ण विंगमध्ये झाल्यावर. वरच्या तीन मजल्यांवर ते बाकी आहे, म्हणून आज कुणीही 70 च्या पुढे एक रुपयाही देऊ नये. जानेवारीत आमच्या अकाउंट्सकडून पंधरा जणांना 75 टक्क्यांची मागणीपत्रं गेली. ती चूक होती आणि ती पत्रं मागे घेतली आहेत. पण 70 च्या आतला देय हप्ता अडवलात तर त्याच दराने व्याज तुमच्यावर चढतं आणि आमच्याकडून येणाऱ्या व्याजाचा हिशेब विनाकारण वादात सापडतो.

राहिल्या चाव्या. खरं सांगायचं तर फर्निचरच्या नावाखाली चाव्या देणं आम्हालाच सोयीचं आहे. तुम्ही चावी घेतल्याची सही केलीत की ताबा दिला आणि व्याज थांबलं, असा दावा करायला बिल्डरला जागा मिळते. भाडं आणि कर्जाचा हप्ता दोन्ही भरणारा माणूस सुतारकाम संपलं की राहायलाच येतो. मग वर अग्निशमनच्या टाकीत पाणी नाही आणि खाली कुटुंबं झोपलेली, असं होतं. 1963 च्या मोफा कायद्यात पूर्णत्वाच्या दाखल्याशिवाय ताबा द्यायलाही मनाई आहे आणि घ्यायलाही. चाव्या मिळणार नाहीत. मोजमापं घ्यायला सुताराला घेऊन यायचं असेल तर शनिवारी दुपारी या, हेल्मेट गेटवर मिळेल.

नवी तारीख 31 जुलै 2026 आहे आणि ती कुठे घसरू शकते तेही सांगतो. बाहेरच्या प्लास्टरचे दोन हात आणि त्यांचं पाणी मारणं मेअखेर संपायला हवं. पावसाच्या माऱ्यात परांचीवर दुसरा हात लावता येत नाही, लावला तर टिकत नाही. 5 जूनला पश्चिम बाजूची परांची उतरलेली दिसली तर जुलै गाठता येईल. ती तशीच उभी असेल तर दसरा उजाडेल, आणि तेवढे महिने व्याजही चालू राहील. बाहेरचा रंग मात्र कुठल्याही परिस्थितीत पावसाळ्यानंतरच लागेल. ओसीला तो लागत नाही, त्यामुळे तुमचा गृहप्रवेश प्रायमर मारलेल्या इमारतीत होईल.