रविवारच्या सभेची विषयपत्रिका आली आणि मला बाबांच्या खिशातला कागद आठवला

काल रात्री पावणेदहाला आमच्या मच्छिमार सोसायटीच्या ग्रुपवर रविवारच्या संचालक मंडळाच्या सभेची विषयपत्रिका आली. वेळ साडेदहा ते साडेबारा. विषय तेरा. सोबत कागद एकही नाही. मी ती तीनदा वाचली आणि रात्री मला झोप लागली नाही. आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

नववा विषय असा आहे : "आइस प्लांटच्या दुरुस्तीबाबत चर्चा करून निर्णय घेणे." बस, एवढंच. मासेमारीची पावसाळी बंदी उठायला तीन आठवडे राहिलेत. १ ऑगस्टला होड्या पाण्यात जाणार. बंदरातल्या सगळ्यांचं पोट ज्या बर्फावर आहे, त्याचा निर्णय नवव्या नंबरला, कागदाविना, एका ओळीत.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी २०१६ सालचं सांगते. तेव्हा बाबा मंडळावर होते. प्लांटचा कॉम्प्रेसर बदलायचा होता. विषय असाच मागे ढकललेला, बाराव्या नंबरला होता. साडेबाराची एसटी पकडायची म्हणून लांबच्या वाडीतले दोघं उठायच्या तयारीत. शेवटची आठ मिनिटं उरली असताना दोन कोटेशनं टेबलावर फिरवली. एक ६ लाख ४० हजारांचं, दुसरं ७ लाख ८५ हजारांचं. स्वस्त कुठलं ते दिसतच होतं. सूचक, अनुमोदक, हात वर, ठराव सर्वानुमते मंजूर.

बाबांनी त्या कोटेशनची घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली. रात्री जेवणं झाल्यावर चष्मा लावून पडवीत बसले आणि मला हाक मारली. कागदाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात इंग्रजीत एक ओळ होती. "ह्या वाच गो बाय," म्हणाले. मी वाचली : मोटर, पाया आणि गॅस चार्जिंगचा खर्च वेगळा. ते बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसले होते. मग म्हणाले, "आणि मी हात वर केलंय."

शेवटी खर्च ९ लाखांच्या वर गेला. मधल्या पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत प्लांट सतरा दिवस बंद. नेमका बांगडा लागला होता. बाहेरून ट्रकने आणलेली बर्फाची लादी बंदरात पोचेपर्यंत गोणपाटाखाली अर्धी झालेली असायची. टोपल्या घेऊन बसलेल्या मावश्यांनी तेव्हा कुठल्या भावात माल काढला ते त्यांनाच विचारा.

आता लोक म्हणतात त्या वर्षी नशीब फिरलं. नाही हो. नशिबाचा काही संबंध नाही. विषयपत्रिका वाईट होती.

आज दुपारी मी पेन्सिल घेऊन रविवारची पत्रिका तपासायला बसले. आधी वेळ. दोन तास म्हणजे १२० मिनिटं. पण कोरम पूर्ण होऊन, श्रद्धांजली होऊन सभेला खरं तोंड फुटतं दहा पन्नासला. दरवेळी. म्हणजे वीस मिनिटं गेली. चहाला दहा गेली. राहिली नव्वद. तेरा विषयांना भागा, एकेकाला सात मिनिटंसुद्धा येत नाहीत. मंडळावर आम्ही तेरा जण आहोत. एका विषयावर प्रत्येकाने फक्त एक मिनिट बोलायचं ठरवलं तरी तेरा मिनिटं झाली. म्हणजे ही पत्रिका लिहितानाच धरलेलं आहे की कुणी बोलणार नाही.

शिवाय मागच्या सभेचं इतिवृत्त. ते आधी पाठवलं तर पाच मिनिटांत कायम होतं. सभेत वाचून दाखवलं तर वीस मिनिटं खातं, आणि वाचन चालू असताना कोण ऐकतो ते आपण सगळे जाणतो.

आता बर्फाला खरोखर किती वेळ हवा? यंदा कंडेन्सरचा प्रश्न आहे. खाऱ्या वाऱ्याने पाइप गंजलेत. दोन-तीन ठिकाणी वेल्डिंग करून हंगाम काढायचा की पाइपांचा अख्खा संच बदलायचा? सचिवांनी मांडायला दहा मिनिटं. प्लांटवरच्या माणसाला आत बोलावून त्याचं ऐकायला पाच. तेरा जणांच्या शंका, दोन-दोन मिनिटं धरली तर सव्वीस. ठरावाचे शब्द नीट लिहायला चार. झाली पंचेचाळीस मिनिटं, म्हणजे सभेचा अर्धा वेळ. आणि पत्रिकेत त्याला सात मिनिटं, तीही शेवटाकडे, जेव्हा निम्म्यांचं लक्ष घड्याळात असतं.

वेळेपेक्षाही माझा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. तेराच्या तेरा विषयांच्या शेपटाला तेच शब्द : "चर्चा करून निर्णय घेणे". डिझेल परताव्याची माहिती, तिच्यावर कसला निर्णय घेणार? ती नुसती ऐकायची आहे. बंदरातल्या कचऱ्यावर निर्णय आमच्या हातात आहे का? नाही, आम्ही फार तर पत्र देऊ शकतो. पण शब्द सगळीकडे तेच, त्यामुळे वाचणाऱ्याला कळतच नाही की रविवारी आपल्याला नुसतं ऐकायचंय, मत द्यायचंय की हात वर करायचाय. आणि ज्याला हे माहीत नाही तो तयारी कशाची करणार?

सचिव म्हणाले, ताई, पद्धत तशीच आहे, विषय बंदिस्त लिहिला तर उद्या कुणी ठरावावर हरकत घेईल. बरं, मान्य. ते शब्द राहू द्या. पण खाली एक ओळ प्रश्नाच्या रूपात लिहायला कोण अडवतंय? "कंडेन्सरला वेल्डिंग करून यंदाचा हंगाम काढायचा की पाइपांचा संच बदलायचा, आणि पैसे कुठल्या निधीतून?" असं लिहिलं की बघा काय होतं. कुठले कागद नाहीत ते आपोआप उघडं पडतं. कोटेशनं हवीत. निधीत शिल्लक किती ते हवं. आणि वीजबिलं हवीत. ती कशाला, असं मला आज एकाने विचारलं. कंडेन्सर खराब झाला की गॅस नीट थंड होत नाही, आतला दाब चढतो, कॉम्प्रेसरला जास्त जोर लावावा लागतो आणि तेवढ्याच लाद्यांना वीज जास्त जाते. मागच्या हंगामाची महिनावार बिलं आणि किती लाद्या विकल्या त्याचा आकडा शेजारी शेजारी ठेवला, तर नुसत्या वेल्डिंगने भागेल का याचा चांगला अंदाज येतो. हे दोन्ही आकडे ऑफिसच्या कपाटात आहेत. काढून पाठवायचे फक्त.

मी स्वतः एक कसोटी लावते. विषय वाचायचा आणि सभेनंतर प्रोसिडिंग बुकात त्याखाली काय लिहिलं जाईल ते आत्ताच मनात लिहून बघायचं. आकड्याची, तारखेची, नावाची जागा रिकामी राहिली तर चालेल, ती सभेत भरेल. पण वाक्यच सुरू होत नसेल तर तो विषय अजून पिकलेला नाही, पुढच्या महिन्यात घ्या. या कसोटीवर तेरातले दोन विषय गळले. सहा नुसते माहितीचे निघाले, त्यांचा एक पानाचा कागद करून आधी वाटता येतो. एक ऐनवेळच्या विषयांचा. खरं काम उरलं चार विषयांचं : इतिवृत्त पाच मिनिटं, बर्फ पंचेचाळीस, हिशेब आणि वार्षिक सभेची तारीख वीस (सप्टेंबर संपायच्या आत ती सभा घ्यावीच लागते), प्लांटवरच्या कामगारांचा पगार पंधरा. पंच्याऐंशी झाली. चहा बसल्या जागी दिला तर शंभरातली पंधरा ऐनवेळच्या विषयांना राहतात आणि खरं काम सव्वाबारालाच आटोपतं, म्हणून साडेबाराची एसटी कुणाची चुकत नाही. बर्फ दुसऱ्या नंबरला, इतिवृत्ताच्या लगेच खाली, डोकी ताजी असताना.

ऐनवेळचे विषय नकोतच असं मी म्हणत नाही. वादळात जेट्टी फुटली तर विषय ऐनवेळीच येणार. पण खरेदीचा विषय ऐनवेळी येता कामा नये.

"कागद पाठवून वाचतंय कोण?" हेही ऐकवलं गेलं. काही जण नाही वाचत, खरं आहे. पण हे ऐकलं की माझं डोकं फिरतं, कारण बाबांनी वाचला होता. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाने, इंग्रजी येत नसताना, मुलीला हाक मारून वाचून घेतला. त्यांच्या हातात तो फक्त चार दिवस आधी पडायला हवा होता. सभा झाल्यावर, रात्री, मंजुरीनंतर नको होता. आमची माणसं वाचत नाहीत म्हणणाऱ्यांनी त्यांना वाचता येईल असं काही कधी पाठवलंय का? इंग्रजीतली सात पानांची कोटेशनं नकोत. मराठीत एका पानाचा तुलनात्मक तक्ता करा. आणि त्यात नुसता एकूण आकडा नको. कोणाच्या दरात जुने पाइप काढणं आहे, गॅस आहे, मजुरी आहे, वाहतूक आहे, किती दिवसांत काम होणार, हमी किती महिन्यांची, हे रकान्यात मांडा. जिथे "वेगळा खर्च" असेल तिथे ठळक लिहा. हा तक्ता बुधवारी-गुरुवारी हातात पडला तर रविवारपर्यंत घराघरात तो कुणी ना कुणी वाचेलच. आणि ज्यांनी नाही वाचला त्यांच्यासाठी सभेत पाच मिनिटं शांत बसून वाचू. सचिवांच्या मांडणीच्या दहातली पाच त्याला दिली की पंचेचाळीसमध्ये ती बसतात.

सचिवांवर माझा राग नाही, हेही लिहून ठेवते. तुटपुंज्या मानधनावर माणूस ऑफिस, बँक, तालुक्याच्या खेपा सगळं एकटा बघतो आणि रात्री जेवण झाल्यावर मागच्या वेळच्या पत्रिकेत तारीख बदलून पाठवतो. मी त्यांच्या जागी असते तर कदाचित मीही तेच केलं असतं. म्हणूनच आज दुपारी भांडायला न जाता तक्त्याचे रकाने आखून त्यांच्याकडे घेऊन गेले. फक्त आकडे भरायचे होते. त्यांनी ते बघितलं, विषयांच्या क्रमावर पेनाने खूण केली आणि म्हणाले, "बर्फ वर घेतो. कोटेशनं संध्याकाळी टाकतो ग्रुपवर."

संध्याकाळी सात वाजता टाकली. तीन फोटो आलेत. पहिली दोन कोटेशनं स्वच्छ वाचता येतात. तिसऱ्याचा, म्हणजे सगळ्यात स्वस्त दराचा, फोटो खालून कापला गेलाय. एकूण रकमेच्या खालचं काहीच दिसत नाही. मी परत मागवलाय. तो येईपर्यंत मंडळावरच्या कुणीही त्या आकड्यावर मत बनवू नका, एवढी हात जोडून विनंती.