"हो साहेब, करून टाकतो"

नोव्हेंबर लागला, जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली, की ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणाऱ्याची परीक्षा सुरू. सुट्टी सहाला, गावाकडची शेवटची एसटी सव्वासहाला. साडेपाचला मॅनेजर काटापावत्यांचा गठ्ठा टेबलावर टाकतो: "एवढ्या चढवून जा भाऊ, उद्या चुकारा आहे."

तुम्ही मान खाली घालून म्हणावं, "तसं घरी जरा... बरं, असू द्या साहेब, करून टाकतो." 'जरा'वर वाक्य तोडायला विसरू नका. पूर्ण केलं तर तुमची अडचण साहेबांना कळून बसायची! मग रात्री डोळे चोळत १७.४० क्विंटलचे १४.७० होतात, सकाळी शेतकरी पावती नाचवत येतो आणि बोलणी तुम्हालाच. पुढचा गठ्ठा पावणेसहाला येतो, कारण तुम्हाला चालतं हे सगळ्यांना कळलेलं असतं.

हे महिनाभर साचू द्या. मग एका संध्याकाळी, हमालांच्या देखत, बोट रोखून सुरू व्हा: "मी काय तुमचा सालदार हाओ का? तुमाले कधीच टायमावर काम देता येत नाही!" यात 'कधीच' हवंच. साहेबांना लगेच आठवतं की मागल्या मंगळवारी गठ्ठा तीनलाच आला होता. मग भांडण मंगळवारचं आणि तुमच्या जिभेचं होतं, पावत्या राहतात बाजूला. सकाळी माफी मागा आणि पुन्हा 'जरा'पासून सुरुवात करा.

मधली वाट मात्र टाळाच. ती अशी असते: साहेबांकडे बघत, रोजच्या आवाजात, "साहेब, गठ्ठा साडेपाचला आला की घाईत वजनं चुकतात आणि माझी एसटी जाते. आज सहापर्यंत होतील तेवढ्या चढवतो, उरलेल्या सकाळी आठला येऊन चुकाऱ्याआधी देतो. उद्यापासून पहिला गठ्ठा चारला पाठवा." काय घडतं, त्यानं काय बिघडतं, आज काय जमेल, पुढे काय हवं, बस्स. साहेबांच्या स्वभावावर एक अक्षर नाही. किती बेचव!

"आजच्या दिवस करून घे ना बा," असं साहेब म्हणतीलच. तेव्हा सासू आजारी, गाय व्यायला झाली अशी नवी कारणं काढू नका. एकेक कारण ते खोडून काढतात. शांतपणे तेच म्हणायचं: "आज सहापर्यंत, उरलेल्या सकाळी आठला."

हंगामी रोजंदारीवर असाल तर एवढं नीट बोलूनही "उद्यापासून येऊ नको" ऐकावं लागू शकतं. म्हणून काही हुशार लोक काटेवाल्याला सोबत घेऊन, सकाळी गर्दी नसताना हा विषय काढतात. तुम्ही त्यांच्या नादी लागू नका. समजा, साहेब "बरं" म्हणाले, तर पानठेल्यावर उभं राहून शिव्या कोणाला घालणार?