स्पा काउंटरच्या प्रस्तावावर आलेला एक स्टार आणि आमचं उत्तर

★☆☆☆☆ “हॉटेलात स्पा काउंटर चालवायचा प्रस्ताव घेऊन आले. पत्रात लिहितात हॉटेलची गुंतवणूक शून्य, आणि खाली खोली, वीज, पाणी सगळं मागतात. महिन्याला 40,000 भाडं म्हटलं तर नाही म्हणाले, फक्त 25 टक्के हिस्सा. दुसरे 35 देतात. वर आमच्या टॉवेलांना, लाँड्रीला नको म्हणून पाण्याचं वेगळं कनेक्शन पाहिजे! संभाजीनगरात उन्हाळ्यात टँकर आम्ही घेतो. वेळ वाया गेला.”

नमस्कार सर,

आधी भाड्याचं बोलतो, कारण बाकी सगळं त्यातूनच निघतं.

आपलं हॉटेल 40 खोल्यांचं. तासाभराच्या अभ्यंगाचा दर आम्ही पत्रात 2,000 रुपये धरलाय. त्यातून तेल, चादरींची धुलाई आणि थेरपिस्टचा इन्सेन्टिव्ह गेला की 1,500 उरतात. एक बाई थेरपिस्ट, एक पुरुष थेरपिस्ट आणि काउंटरवर एक जण, एवढ्यांचा पगार 54,000. आता आपलं 40,000 भाडं आणि त्यावरचा 18 टक्के जीएसटी धरा, म्हणजे 47,200.

डिसेंबरात नाताळच्या सुट्ट्या, वेरूळ-अजिंठ्याची गर्दी, तेव्हा महिन्याला 100 मसाज सहज होतात असं समजू. 25 टक्क्यांनी आपल्याला 50,000 मिळतात, भाड्याने 40,000. म्हणजे हंगामात भाडं आम्हालाच स्वस्त पडतं, तरी आम्ही ते मागितलं नाही. आता मे महिना घ्या. लेणी बघायला कोण येतंय त्या उन्हात? पंचवीस मसाज झाले तर आमच्या हातात 37,500 येतात. त्यात आपलं भाडंसुद्धा फिटत नाही, पगार तर दूरच. हिस्सा असला तर मे महिन्यात आपल्याला 12,500 मिळतात, आम्हाला पगारात तूट येते आणि ती आम्ही हंगामातल्या पैशातून भरून काढतो.

“हॉटेल फुल्ल असलं की स्पा चालणारच” असं आपण बैठकीत म्हणाला होता. तसं होत नाही सर. लग्नाची दाट तिथ असली की सगळ्या खोल्या भरतात, पण वऱ्हाडी मंडळींना हळद, वरात आणि जेवणावळी सोडून कशाला वेळ असतो? याउलट अजिंठ्याहून परत आलेले पाहुणे, जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर गाडीत बसलेले, संध्याकाळी पाचनंतर स्वतःहून विचारतात. वाळूज-शेंद्र्याला कंपनीच्या कामाला आलेले लोक रात्री आठनंतर येतात आणि त्यांना अर्धा तास खांदे-पाय एवढंच पाहिजे असतं. म्हणून पत्रात काउंटरची वेळ दुपारी चार ते रात्री दहा लिहिली आहे. सकाळी काउंटर उघडून ठेवण्यात अर्थ नाही. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद, पण पाहुणे त्या दिवशी दुसरं लेणं करतात, त्यामुळे आमच्या धंद्याला सुट्टी लागत नाही.

पक्क्या भाड्याची खरी भीती वेगळी आहे आणि ती आपल्यालाही असायला हवी. भाडं डोक्यावर असलं की मंदीच्या महिन्यात काउंटरचा माणूस पाहुण्यांच्या खोलीत फोन लावायला लागतो, लॉबीत मागे लागतो, मग “स्पेशल पॅकेज” सुरू होतात. पुढे काय होतं ते आपण पेपरात वाचतोच. धाड पडली की बातमीत स्पाचं नाव येत नाही, हॉटेलचं येतं. याच कारणासाठी आमच्या पत्रात खोलीच्या दाराला आतून कडी नाही, बाईला बाई आणि पुरुषाला पुरुष थेरपिस्ट, आणि प्रत्येक कर्मचाऱ्याच्या पोलिस पडताळणीची प्रत आपल्या फाइलला, अशी कलमं आहेत. ती आपल्याला जाचक वाटली असतील. कमी करणार नाही.

पैसे हॉटेलच्याच काउंटरवर घ्या म्हणतो तेही यासाठीच. पाहुणा स्लिपवर खोली क्रमांक आणि सही करतो. स्लिपच्या तीन प्रती: एक पाहुण्याला, एक आपल्या रिसेप्शनला, एक आमच्याकडे. रात्री हिशेब जुळवायचा. किती मसाज झाले हे आपल्याला आम्हाला विचारावं लागत नाही आणि आमच्या माणसाच्या हातात रोख येत नाही. बिल मात्र आमच्या जीएसटी नंबरचं, आपण फक्त रक्कम गोळा करायची. चेकआउटला “आम्ही मसाज घेतलाच नाही” असं कोणी म्हणालं, तर सहीची स्लिप समोर ठेवता येते.

आता 25 विरुद्ध 35. सप्टेंबर 2025 पर्यंत या सेवेवर 18 टक्के जीएसटी होता आणि आपण हिश्श्यावर लावलेला कर आम्हाला वजा मिळायचा. 22 सप्टेंबरपासून दर 5 टक्के झाला, पण इनपुट क्रेडिट गेलं. पाहुण्याचं बिल 2,360 वरून 2,100 वर आलं, ही चांगली गोष्ट. पण आपल्याला 500 रुपये हिस्सा दिला की वरचे 90 आमच्याच अंगावर पडतात. आपले 25 आम्हाला साडेएकोणतीस पडतात, 35 म्हणजे 41 च्या वर. एवढं देऊन कोणी टिकत असेल तर तेल कोणतं वापरतो आणि थेरपिस्टला काय देतो, हे एकदा बघून घ्या.

“गुंतवणूक शून्य” हे शब्द आमचेच आहेत आणि त्यांवर ठाम आहे. दोन टेबलं, स्टीमची पेटी, तेलं, चादरी, फर्निचर, रंगरंगोटी आमची. आपली ती मागची, जनरेटरकडे खिडकी असलेली खोली. बैठकीत आपणच म्हणालात की ती कोणाला देता येत नाही. विजेला आम्ही वेगळा सबमीटर लिहिलाय, युनिटप्रमाणे पैसे देणार. आपल्या वाचनातून ते कलम सुटलं असावं.

राहिली धुलाई. आपल्या लाँड्रीला नावं ठेवण्याचा हेतू नाही. मसाजच्या चादरीत तीळतेल मुरतं आणि साध्या धुण्याने पूर्ण निघत नाही. ती चादर आपल्या खोल्यांच्या पांढऱ्या बेडशीटांबरोबर मशीनमध्ये गेली की तुमच्या शीटांनाही पिवळट झाक आणि खवट वास येतो. त्याहून वाईट म्हणजे तेल राहिलेलं सुती कापड ड्रायरमधून गरमच काढून ढीग घालून ठेवलं, तर तेलाचं हवेशी ऑक्सिडेशन होऊन आतल्या आत तापत जातं आणि पेट घेऊ शकतं. हॉटेलांच्या आणि स्पांच्या लाँड्रीत आगी लागण्याचं हे माहीत असलेलं कारण आहे. म्हणून आमच्या चादरी वेगळ्या मशीनला, गरम पाण्यात, आणि वाळवण गच्चीवर दोरीला. ऊन आपल्याकडे भरपूर.

पाण्याचा मुद्दा मात्र आपला रास्त आहे. टँकरचं पाणी कोणाला फुकट मागावं अशी इथली परिस्थिती नाही. कनेक्शनला पाण्याचा मीटर बसवू आणि मार्च ते जून टँकरच्या दराने पैसे देऊ. किंवा त्या चार महिन्यांत धुलाई आमच्या शहरातल्या सेंटरवर नेऊ, रोज एक टेम्पोफेरी. आपल्याला जे सोयीचं असेल ते.

आपल्याला किमान काहीतरी पक्कं हवं असेल तर असं करता येईल: ऑक्टोबर ते फेब्रुवारी महिन्याला 25,000 किंवा 25 टक्के, यांपैकी जे जास्त ते. मार्च ते सप्टेंबर फक्त हिस्सा. त्यासाठी गेल्या वर्षी महिनावार किती खोल्या गेल्या आणि त्यातल्या लग्नाच्या बुकिंगच्या किती, एवढे दोन आकडे पाठवा. दुरुस्त पत्र त्याच आठवड्यात आणून देतो.