बेरीज जुळली की सही ठोका

दहावीच्या पूर्वपरीक्षेची बीजगणिताची प्रश्नपत्रिका आणि तिचा संविधान तक्ता तपासणीसाठी तुमच्या टेबलावर आला आहे? घाबरू नका. थेट खालची बेरीज बघा. पेपर ४० गुणांचा, विकल्पांसह ६० भरतात ना? मग चहा मागवा.

वरचे रकाने मोजायच्या फंदात पडू नका. मोजलेत तर भलतेच सापडेल. समजा, तक्त्यात वर्गसमीकरणांना १२ आणि सांख्यिकीला १२ गुण आहेत. पेपरात एकाला १६ आणि दुसरीला ८ पडले, तरी बेरीज ६०च राहते. म्हणजे बेरीज बिचारी निर्दोष! हे चार गुण घसरले कुठे, ते चौथ्या प्रश्नात कळते. तीनपैकी दोन सोडवायच्या त्या प्रश्नात दोन उपप्रश्न वर्गसमीकरणांचे असले, तर मुलगा तेवढेच सोडवून मोकळा होतो आणि सांख्यिकीचा चार गुणांचा प्रश्न कुणाला दिसतच नाही. पण मुलांचे कष्ट वाचले, हे कमी आहे का?

काठिण्य पातळीबाबत प्राश्निकांवर डोळे मिटून विश्वास ठेवा. त्यांनी ‘सोपा’ लिहिले म्हणजे सोपा. त्यांना तो येतोच की! x² + 8x − 48 = 0 अवयवांनी सोडवायला दिले, तर १२ आणि ४ चटकन सुचतात. त्याच समीकरणापुढे ‘पूर्ण वर्ग पद्धतीने’ एवढे दोन-तीन शब्द जोडले, की दोन्ही बाजूंत १६ मिळवा, वर्गमूळ घ्या, ± विसरू नका, असे सगळे आले. तक्त्यात मात्र दोन्ही ‘सोपे’च. खरे तर आधी प्रश्न स्वतः कागदावर सोडवायचा, पायऱ्या मोजायच्या आणि प्राश्निकांचा शेरा त्यानंतर वाचायचा. पण एवढा वेळ कुणाला आहे?

पेपर परत पाठवायचाच असेल, तर ‘काठिण्य पातळी व भारांश पाहावा’ एवढेच लिहा. ‘प्र. ४ (२): तक्त्यात सांख्यिकी, कठीण, ४ गुण, पेपरात वर्गसमीकरणे, कठीण, ४ गुण, वर्गीकृत सारणीवरून मध्यक काढण्याचा कठीण प्रश्न द्यावा’ असे लिहिलेत, तर प्राश्निकांना नेमके काय बदलायचे ते कळेल, आणि मग तुमची ती भारदस्त मोघम भाषा काय कामाची?

दुरुस्त पेपर आला की फक्त बदललेला प्रश्न बघा. घाईत त्यांनी सांख्यिकीचा सोपा प्रश्न घातला, तर प्रकरणाचा रकाना जुळेल, पण कठीण प्रश्नांचे १२ गुण ८ होतील आणि सोप्यांचे चार वाढतील. ते कळायला दोन्ही रकाने पहिल्यापासून पुन्हा मोजावे लागतात. खालची बेरीज मात्र अजूनही ६०च आहे. पेन कुठे ठेवलंय?